नोंद एंट्रीच्या आधी: स्क्रीनशॉट, कारण आणि मनःस्थिती एकमेकांना कशी जोडायची

प्रश्न: आठ महिने ट्रेडिंग जर्नल ठेवतोय. रोज संध्याकाळी प्रत्येक ट्रेडचा चार्ट सेव्ह करतो, एंट्रीचं कारण लिहितो, मनःस्थितीही लिहितो. पण उलटून पाहिलं की सगळीकडे 'ब्रेकआउट होता', 'घाबरलो', 'घाई केली' एवढंच दिसतं. यातून शिकायचं काय आणि कसं, ते कळत नाही. काय चुकतंय?

उत्तर:

तुमच्या प्रश्नात 'रोज संध्याकाळी' हे दोन शब्द आहेत, आणि माझ्या मते चूक तिथेच आहे. संध्याकाळी तुम्हाला ट्रेडचा निकाल माहीत असतो. निकाल कळल्यावर लिहिलेलं कारण हे एंट्रीचं कारण राहत नाही, ते निकालाचं स्पष्टीकरण होतं. मनःस्थितीचंही तेच. तोटा झाला की 'घाई केली' असं लिहिलं जातं. तशीच घाई करून नफा झाला, तर त्याच रकान्यात 'आत्मविश्वास होता' असं येतं. तुम्ही खोटं लिहिता असं मी म्हणत नाही. माणसाची आठवण अशीच चालते.

मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रिटिश आणि गुरखे यांच्यातल्या एका जुन्या लढाईचं वर्णन त्यांनी लोकांना वाचायला दिलं आणि चार संभाव्य निकालांपैकी प्रत्येकाची शक्यता किती वाटते ते विचारलं. काहींना निकाल सांगितलाच नव्हता. काहींना चारपैकी एक निकाल 'हाच खरा' म्हणून सांगितला होता, आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा. ज्यांना जो निकाल सांगितला, त्यांना तोच आधीपासून जास्त शक्य वाटत होता असं दिसलं. संध्याकाळी पूर्ण झालेला चार्ट समोर ठेवून एंट्रीचं कारण लिहिणारा ट्रेडर नेमका त्या गटात बसलेला असतो.

म्हणून जर्नलमधल्या तीन गोष्टी, म्हणजे चार्टचा स्क्रीनशॉट, कारण आणि मनःस्थिती, ऑर्डर टाकण्याच्या आधी नोंदवायच्या. संध्याकाळी फक्त निकाल भरायचा. बाकी सगळं याच एका बदलातून निघतं. एका ट्रेडवर हे दाखवतो, म्हणजे फरक नीट कळेल.

माझ्याच वहीतला ट्रेड आहे. एक शेअर तीन दिवस ३९८ ते ४१२ या पट्ट्यात फिरत होता. योजना आदल्या रात्री लिहिलेली होती: १५ मिनिटांची कँडल ४१२ च्या वर बंद झाली तर खरेदी, जास्तीत जास्त ४१३.५ पर्यंत. स्टॉपलॉस ४०९, टार्गेट ४२१. म्हणजे सगळ्यात महाग एंट्री मिळाली तरी जोखीम ४.५ पॉइंट आणि मिळकत ७.५ पॉइंट. शेअरची संख्याही ४.५ पॉइंटच्या जोखमीवरूनच काढलेली होती. ही ठरवलेली जोखीम म्हणजे १ R. पुढचे सगळे हिशेब मी R मध्येच करतो, कारण पैशांच्या आकड्यात मोठी पोझिशन आणि मोठी चूक वेगळ्या काढता येत नाहीत.

त्या दिवशी मी १०:३९ ला खरेदी केली, ४१६.२ ला. ब्रेकआउटची कँडल १०:३० ला सुरू झालेली होती, ती बंद व्हायला सहा मिनिटं बाकी होती. एंट्रीनंतर स्टॉप ४०९ वर ठेवायचा तर जोखीम ७.२ पॉइंट होत होती, म्हणून मी तो ४१२ वर आणला आणि 'पातळीच्या खाली आला तर नको' असं मनाला सांगितलं. कँडल ४१६.९ पर्यंत गेली आणि ४१३.१ ला बंद झाली. १०:५२ ला ४१२ वर स्टॉप लागला. भाव पुढे ४०९.६ पर्यंत उतरला, तिथून वळला आणि दुपारी ४२१ ला पोहोचला.

आता हा ट्रेड संध्याकाळी लिहायला बसा. पूर्ण चार्टवर काय दिसतं? पातळी बरोबर होती, दिशा बरोबर होती, टार्गेटही आलं, फक्त स्टॉप लागून गेला. कोणीही लिहील: 'स्टॉप फार घट्ट होता, पुढच्या वेळी मोकळा ठेवायचा.' हा धडा चुकीचा आहे आणि महागही पडतो. तो पाळला तर पुढच्या वेळीही एंट्री ४१६ लाच होईल, फक्त स्टॉप ४०९ वर असेल. म्हणजे ४.८ पॉइंटच्या मिळकतीसाठी ७.२ पॉइंटची जोखीम.

एंट्रीच्या आधी घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वेगळंच दिसत होतं. त्यात ती कँडल बंद झालेली नव्हती. भरीव, उंच, वर शेंडी नसलेली हिरवी कँडल होती, आणि भाव ठरवलेल्या वरच्या मर्यादेच्या २.७ पॉइंट वर होता. संध्याकाळच्या चार्टवर तीच कँडल छोटं अंग आणि वर लांब शेंडी अशी दिसते. मी जे पाहून खरेदी केली ते चित्र बाजाराच्या इतिहासात शिल्लकच राहत नाही, कारण चार्ट फक्त पूर्ण झालेल्या कँडल जपून ठेवतो. म्हणूनच एंट्रीचा स्क्रीनशॉट त्याच क्षणी घ्यावा लागतो. मोठ्या टाइमफ्रेमवर तर हे आणखी फसवं असतं. सकाळी साडेदहाला तुम्ही पाहिलेली दिवसाची कँडल आणि संध्याकाळची दिवसाची कँडल यांचा एकमेकींशी काही संबंध नसेल, असंही होतं.

योजनेप्रमाणे झालं असतं तर १०:४५ ला कँडल ४१३.१ वर बंद झाली, मर्यादेत आहे, एंट्री ४१३.१. स्टॉप ४०९, भाव ४०९.६ पर्यंत आला, स्टॉप लागला नाही. टार्गेट ४२१, मिळकत ७.९ पॉइंट, म्हणजे सुमारे १.७५ R. प्रत्यक्षात मी ४.२ पॉइंट गमावले, ०.९३ R. योजनेतला स्टॉप अगदी योग्य होता. सहा मिनिटं आधी घेतलेली एंट्री चुकली होती.

आता स्क्रीनशॉटबद्दल थोडं तपशिलात, कारण इथे लोक बारीक चुका करतात. पहिला स्क्रीनशॉट एंट्रीआधीचा, आणि त्यात मी दोन चार्ट शेजारी-शेजारी घेतो: एक एंट्रीच्या टाइमफ्रेमचा आणि एक त्याच्या वरच्या टाइमफ्रेमचा. एंट्री, स्टॉप आणि टार्गेटच्या रेषा आधीच आखलेल्या हव्यात. किमतीची आणि वेळेची पट्टी दोन्ही दिसायला हव्यात. कँडलची संख्या दर वेळी सारखी ठेवा. मी १२० ठेवतो. झूम बदलला की त्याच भावाचा ब्रेकआउट एकदा प्रचंड वाटतो आणि एकदा किरकोळ, मग महिन्याने दोन चित्रांची तुलनाच करता येत नाही. चालू नफा-तोट्याचा आकडा मात्र स्क्रीनशॉटमध्ये येऊ देऊ नका, कारण परीक्षण करताना डोळा आधी तिकडे जातो.

दुसरा स्क्रीनशॉट एक्झिटला घ्यायचा आणि तिसरा एक्झिटनंतर ठरावीक कँडलनी. माझ्या बाबतीत त्या २० आहेत. 'ठरावीक' हा शब्द महत्त्वाचा आहे. मनाला येईल तेव्हा तिसरा घेतला तर तुम्ही तो नेमका टार्गेट आल्यावर घ्याल आणि 'थांबलो असतो तर' याचंच संग्रहालय तयार होईल. फाइलचं नाव असं ठेवा की नावावरूनच क्रम लागेल:

```
2023-02-14_1039_breakout_1-before.png
2023-02-14_1039_breakout_2-exit.png
2023-02-14_1039_breakout_3-after20.png
```

'चार्ट तर सॉफ्टवेअरमध्ये असतोच, मागे जाऊन पाहता येईल' यावर विसंबू नका. अपूर्ण कँडलचं वर सांगितलंच. शिवाय शेअरचं विभाजन झालं की जुन्या किमती बदलून दाखवल्या जातात, फ्युचर्सच्या सलग चार्टमध्ये करार बदलला की मागचे भाव सरकवलेले असू शकतात, आणि काही इंडिकेटर नवा भाव आला की आपली जुनी खूण पुसून दुसरीकडे टाकतात. अशा इंडिकेटरवर तुम्ही एंट्री घेत असाल, तर ती खूण त्या क्षणी खरोखर होती का, याचा पुरावा फक्त तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये असतो.

कारणाकडे वळू. 'ब्रेकआउट होता' हे कारण नाही, ते सेटअपचं नाव आहे. माझी कसोटी सोपी आहे: तुमचं वाक्य आणि स्वच्छ चार्ट दुसऱ्या ट्रेडरच्या हातात दिला, तर त्याला तीच एंट्री आणि तोच स्टॉप लावता आला पाहिजे. वरच्या ट्रेडसाठी वाक्य असं होतं: 'तीन दिवसांचा पट्टा, वरची बाजू ४१२ तीनदा अडवलेली. १५ मिनिटांची कँडल वर बंद झाली तर विकणारे संपले असं मानतो. ४०९ च्या खाली गेलं तर माझं मानणं खोटं.' यात एक अट आहे, एक समजूत आहे आणि ती समजूत कुठे खोटी ठरते तो आकडा आहे. हा शेवटचा भाग नसेल तर परीक्षणाच्या वेळी काहीही सिद्ध करता येतं. त्याच्याखाली मी एक ओळ विरुद्ध बाजूची लिहितो: हा ट्रेड का घेऊ नये. त्या दिवशीची ओळ होती, 'व्हॉल्यूम गेल्या दोन दिवसांपेक्षा कमी.' ही ओळ सुचत नसेल तर बहुतेक वेळा मी चार्ट पाहत नसतो, फक्त वर जाणारा भाव पाहत असतो.

कारण मी आदल्या रात्री किंवा पातळी जवळ येण्याआधी लिहून ठेवतो. ऐन वेळी लिहायचं असतं ते फक्त 'योजनेप्रमाणे आहे की नाही' एवढं. यामुळे वेळेची अडचण सुटते. काही सेकंदांत आत-बाहेर करणाऱ्यांना मात्र प्रत्येक ट्रेडआधी थांबणं शक्य नाही. त्यांनी संपूर्ण सत्राचं स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवावं आणि मोठ्याने बोलत ट्रेड करावा. बोललेलं नंतर ऐकता येतं, आणि तेही निकालाच्या आधीचंच असतं.

मनःस्थितीच्या रकान्याबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण बहुतेकांच्या जर्नलमधला सगळ्यात निरुपयोगी रकाना हाच असतो. 'भीती', 'लोभ', 'आत्मविश्वास' हे शब्द वापरू नका असं मी सांगेन. ते शब्द म्हणजे निष्कर्ष आहेत आणि त्या क्षणी आपल्याला स्वतःबद्दलचा निष्कर्ष काढता येत नाही. जे दिसतं, मोजता येतं, ते लिहा. मी तीनच गोष्टी लिहितो.

पहिली, घाई किती आहे याला १ ते ५ मधला आकडा. १ म्हणजे हा ट्रेड सुटला तरी चालेल, ५ म्हणजे आत्ता नाही घेतला तर अंगावर येईल. दुसरी, शरीर किंवा हात काय करतोय: माउस खरेदीच्या बटणावर आधीच जाऊन बसलाय का, किती वेळा टाइमफ्रेम बदलला, श्वास रोखलाय का, आधीच्या ट्रेडचा चार्ट पुन्हा उघडून पाहिला का. तिसरी, डोक्यात चाललेलं वाक्य, जसंच्या तसं, अवतरणात. या तीन नोंदींना वीस-तीस सेकंद लागतात.

१०:३९ ची माझी नोंद अशी आहे: 'घाई ४. माउस बटणावर. गेल्या दहा मिनिटांत मघाचा चार्ट तीनदा उघडला. "हाही गेला हातचा."'

या वाक्यातला 'ही' पाहा. त्या एका अक्षराने मला पुढे जे सापडलं त्याचा धागा दिला. त्या दिवशी १०:२१ ला मी दुसऱ्या एका ट्रेडमधून थोडा नफा घेऊन टार्गेटच्या आधीच बाहेर पडलो होतो. १०:३३ ला तो ट्रेड माझ्याशिवाय टार्गेटला पोहोचला. सहा मिनिटांनी मी ४१६.२ ला खरेदी केली. संध्याकाळी लिहिलं असतं तर हे दोन ट्रेड दोन वेगळ्या ओळींत पडले असते आणि पहिल्यासमोर 'नफा' असं लिहिलेलं असल्यामुळे त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं.

ट्रेड चालू असताना मी फक्त एकाच प्रसंगी लिहितो, स्टॉप किंवा टार्गेटला हात लावावासा वाटला की. वेळ, काय करावंसं वाटलं, आणि केलं की नाही. बाकी वेळी ट्रेडमध्ये असताना भावना लिहीत बसलात तर त्याच वाढतात, असा माझा अनुभव आहे.

आता परीक्षण. तुम्ही म्हणता तसं वही नुसती उलटून पाहिली तर काही दिसत नाही. शब्द वाचून नमुना सापडत नाही, मोजावा लागतो. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक ट्रेडची एक ओळ ठेवा. C मध्ये योजनेतली सर्वांत महाग एंट्री, D मध्ये प्रत्यक्ष एंट्री, E मध्ये योजनेतला स्टॉप, F मध्ये एक्झिट. मग खरेदीच्या ट्रेडसाठी दोन सूत्रं:

```
निकाल R मध्ये:   =(F2-D2)/(C2-E2)
उशीर R मध्ये:    =(D2-C2)/(C2-E2)
```

इथे 'उशीर' घड्याळाचा नाही, भावाचा आहे: ठरवलेल्या मर्यादेच्या किती पुढे गेलेल्या भावाला एंट्री घेतली ते. दोन्हीकडे भागाकार योजनेतल्या जोखमीने आहे, प्रत्यक्ष जोखमीने नाही. हे मुद्दाम केलं आहे. प्रत्यक्ष जोखमीने भागलं तर वरचा ट्रेड बरोबर उणे १ R दिसतो, अगदी शिस्तीत घेतलेल्या तोट्यासारखा. योजनेच्या जोखमीने भागल्यावर उशीर २.७ ÷ ४.५ म्हणजे ०.६ R हा आकडा वेगळा उभा राहतो. विक्रीच्या ट्रेडलाही हीच सूत्रं चालतात, फक्त C मध्ये योजनेतली सर्वांत स्वस्त एंट्री लिहायची.

त्या तिमाहीत माझे ६४ ट्रेड झाले. उशीर पाव R पेक्षा जास्त असेल तर 'उशिरा' असं मी ठरवलं होतं. ४५ ट्रेड योजनेत होते. त्यांत २१ नफ्याचे, सरासरी १.८ R, आणि २४ तोट्याचे, सरासरी ०.९५ R. एकूण अधिक १५ R. उशिराचे १९ होते. ५ नफ्याचे, सरासरी १ R, आणि १४ तोट्याचे, सरासरी १.१ R. एकूण उणे १०.४ R. तिमाहीच्या अखेरीस हातात राहिले ४.६ R. महिनाभर मी सेटअप बदलायचा विचार करत होतो आणि सेटअप ठीक होता.

मग मी उशिराच्या एंट्री कधी होतात ते शोधलं. मला स्वतःबद्दल पक्कं वाटत होतं की तोटा झाला की मी चिडून उडी मारतो. वहीने ते खोटं ठरवलं. आधीच्या ट्रेडचं काय झालं यावरून ६४ ट्रेडचे तीन गट केले. अर्ध्या तासाच्या आत तोटा झालेला होता असे १२ ट्रेड होते, त्यांतले ३ उशिराचे. अर्ध्या तासाच्या आत मी लवकर बाहेर पडून भाव पुढे गेला होता असे २० होते, त्यांतले १३ उशिराचे. उरलेले ३२, त्यांतले ३ उशिराचे. माझा त्रास तोट्यातून येत नव्हता, सुटलेल्या नफ्यातून येत होता. घाईच्या आकड्यानेही तेच सांगितलं: त्या १३ पैकी बहुतेकांसमोर ४ किंवा ५ होते, तर तोट्यानंतरच्या ट्रेडसमोर बऱ्याचदा १ किंवा २. तोट्यानंतर मी उलट सावध होत होतो.

इथे एक चूक टाळा. फक्त '१९ पैकी १३ लवकर बाहेर पडल्यानंतरचे' एवढं पाहून थांबू नका. माझे सगळेच ट्रेड लवकर बाहेर पडल्यानंतरचे असते तर या आकड्याला काही अर्थ नव्हता. म्हणून उलटा प्रश्नही विचारावा लागतो: त्या परिस्थितीत घेतलेल्या एकूण ट्रेडपैकी किती उशिराचे? २० पैकी १३, आणि इतर वेळी ४४ पैकी ६. हा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान नाही. मात्र उणे १०.४ R हा आकडा मी तेवढ्या भरवशाने सांगणार नाही. १९ ट्रेडमध्ये दोन मोठे नफे इकडचे तिकडे झाले की तो खूप बदलतो. सवय सिद्ध करायला थोडे ट्रेड पुरतात, पण तिची किंमत ठरवायला जास्त लागतात.

याच कारणासाठी रकाने वाढवू नका. झोप, वार, बातमी, मूड अशा वीस गोष्टींवर तुम्ही ६० ट्रेड कापून पाहिले, तर काहीही संबंध नसताना एखाददुसरी गोष्ट दोषी दिसणारच. मी एका तिमाहीत एकच संशय धरतो, आणि तो पुढच्या तिमाहीच्या ट्रेडवर तपासतो, ज्या ट्रेडवरून तो सुचला त्यांच्यावर नाही.

उपाय मी इच्छाशक्तीवर सोडला नाही. लवकर बाहेर पडल्यानंतर अर्धा तास मार्केट ऑर्डर बंद, फक्त लिमिट ऑर्डर, आणि लिमिट योजनेतली वरची मर्यादा. म्हणजे त्या दिवशी ४१३.५. कँडल बंद झाल्यावर ऑर्डर टाकायची. भाव वर निघून गेला तर ऑर्डर भरलीच जात नाही, परत आला तर आपोआप भरली जाते. पुढच्या तिमाहीत ५८ ट्रेड झाले, त्यांत उशिराचे ५.

या नियमाचीही किंमत आहे, आणि ती न लिहिणं ही जर्नलमधली सगळ्यात सर्रास घडणारी चूक आहे. काही ऑर्डर भरल्या जात नाहीत. त्या तिमाहीत अशा १४ होत्या. त्यांचेही मी तिन्ही स्क्रीनशॉट घेतले, 'न भरलेली' अशी खूण करून. १४ पैकी ६ टार्गेटला गेल्या, ८ मागे फिरल्या. पण नियम पाळायला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मला मनापासून वाटत होतं की नियमामुळे माझे चांगले ट्रेड सुटताहेत. कारण सुसाट गेलेले लक्षात राहतात, मागे फिरलेले कोणी आठवत नाही. ती नोंद नसती तर मी नियम तेव्हाच सोडला असता.

परीक्षणाला बसताना एक क्रम पाळा. आधी फक्त पहिला स्क्रीनशॉट उघडा, निकालाचा रकाना झाकून ठेवा, आणि 'योजनेत' की 'बाहेर' ते ठरवा. सगळ्या ट्रेडचं हे झालं की मगच निकाल उघडा. नफ्याचे जे ट्रेड 'बाहेर' निघतील त्यांच्यापाशी थांबा, कारण तेच सवय पक्की करतात. माझ्या १९ मध्ये असे ५ होते, आणि त्यांतल्या एकासमोर मी तेव्हा 'छान पकडला' असं लिहून ठेवलं होतं. त्याचा उशीर ०.८ R होता.

तुमचे आठ महिने वाया गेलेले नाहीत, पण त्यातली कारणं आणि मनःस्थिती आता पुराव्यासारखी वापरू नका. वापरता येईल ती वेळ. ब्रोकरच्या ऑर्डर यादीत प्रत्येक एंट्री आणि एक्झिटची सेकंदापर्यंतची वेळ असते, आणि ती निकाल कळल्यावर बदलत नाही. ती यादी उतरवून घ्या. प्रत्येक एंट्रीसमोर आधीच्या एक्झिटपासून किती मिनिटं गेली ते लिहा, आणि ती एक्झिट तोट्याची होती, टार्गेटची होती की लवकर घेतलेली, हेही लिहा. ऑर्डर मार्केट होती की लिमिट, तेही यादीत दिसेल. एका सुट्टीच्या दिवशी हे काम होतं. मग अर्ध्या तासाच्या आतल्या मार्केट ऑर्डर वेगळ्या काढून त्या तीनपैकी कुठल्या एक्झिटनंतर जास्त येतात ते मोजा. मोजताना त्या प्रत्येक प्रकारच्या एक्झिटनंतर एकूण किती ट्रेड घेतले हेही शेजारी मांडा. तुमचा पहिला संशय तिथून निघेल, आणि उद्यापासूनच्या एंट्रीआधीच्या नोंदी तो तपासायला वापरा.